कपातला कुंदा कोणत्या गेटवर थांबवायचा: खाद्य कंपनीसाठी टप्पे, निकष आणि 'बंद'चा निर्णय

बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यातल्या बऱ्याच खाद्य कंपन्या घरच्या आहेत. मोठा भाऊ पैसा बघतो, धाकटा भट्टी सांभाळतो, पुतण्या विक्रीला गोवा-कोल्हापूर फिरतो. नवा माल काढायचा की नाही हे जेवताना ठरते. बंद करायची वेळ आली की मात्र सगळे गप्प बसतात, कारण बंद म्हणणे म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी शब्दाला नाही म्हणणे. मग माल धड चालत नाही आणि संपतही नाही. गोदामात छापील पाकिटांचे रोल पडून राहतात आणि वितरक दर महिन्याला परत आलेल्या खोक्यांची यादी पाठवत राहतो.

यावर टप्पे आणि गेट ही पद्धत आहे. कॅनडातले प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी १९८०च्या दशकात तिला आजचे रूप दिले. नव्या मालाचे काम टप्प्यांत तोडायचे. दोन टप्प्यांच्या मध्ये एक गेट, म्हणजे निर्णयाची बैठक. तिथे एकच विचारायचे: पुढच्या टप्प्याचे पैसे सोडायचे का? झालेल्या कामाचे कौतुक किंवा झाडाझडती करायला ही बैठक नसते. मूळ आराखड्यात पाच गेट आहेत. पन्नास-साठ माणसांच्या कारखान्याला चार पुरतात आणि मी इथे चारच धरले आहेत.

पद्धत नुसती सांगून उपयोग नाही, म्हणून एकच माल घेऊन शेवटपर्यंत जाऊ. बेळगावच्या उद्यमबागेत युनिट असलेली मध्यम कंपनी, शहरात कुंदा ही दुधाची मिठाई सुटी विकणारी दोन दुकाने. पुतण्याची कल्पना अशी: १०० ग्रॅमचा सीलबंद कप, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, फ्रीजशिवाय ६० दिवस टिकणारा, गोवा, कोल्हापूर, पुणे आणि हुबळीत विकायचा. खालचे पैशांचे आणि चाचण्यांचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या भट्टीचे तुम्हाला काढावे लागतील.

आधी ठरवा: कोण बसणार, काय बोलणार

गेटवर ज्यांच्या हातात पैसा आणि माणसे आहेत तेच बसतात. इथे मोठे काका, भट्टी सांभाळणारे धाकटे काका, विक्रीचा पुतण्या, गुणवत्ता बघणारी मॅडम आणि घराबाहेरचा एक माणूस. बाहेरचा म्हणजे सी.ए. चालेल, फाउंड्रीवाला मित्रही चालेल. ज्याला हिशोब कळतो आणि ज्याचे लग्नकार्यात तुमच्याशी काही अडत नाही, असा हवा. ज्याची कल्पना त्याने माहिती मांडायची, पण त्या मालापुरते त्याला मत नाही. गुणवत्तेच्या मॅडमना एका बाबतीत एकटीचा नकाराधिकार: खाणाऱ्याच्या सुरक्षेच्या निकषावर. चवीवर, भावावर, विक्रीवर त्यांचे मत इतरांसारखेच एक.

निर्णय चारच. पुढे, बंद, राखून ठेवा आणि परत. 'राखून ठेवा' म्हणजे माल चांगला आहे पण सध्या पैसा किंवा माणूस मोकळा नाही. 'परत' म्हणजे एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर आणा. घरच्या कंपन्या फसतात त्या या 'परत'मध्ये. बंद म्हणवत नाही म्हणून "अजून जरा बघूया" म्हणतात आणि ते जरा दोन वर्षे चालते. त्यावर कडक नियम ठेवा: एका गेटवर एका मालाला एकदाच 'परत' मिळेल, प्रश्न एका वाक्यात लिहिलेला असेल, त्याला पैशाची आणि तारखेची मर्यादा असेल. दुसऱ्यांदा तोच माल त्याच गेटवर अडकला, तर पुढे किंवा बंद, तिसरा रस्ता नाही.

निकषही दोन जातींचे ठेवा. पहिली जात हो किंवा नाहीची. यातला एक जरी चुकला तरी माल पुढे जात नाही. दुसरी जात गुणांची, म्हणजे बाजार किती मोठा, आपल्या दुकानांच्या नावाला किती शोभतो वगैरे. दोन्ही मिसळू नका. मिसळले की सुरक्षेत नापास झालेला माल बाजाराच्या गुणांवर पास होतो. आणि सगळे निकष टप्पा सुरू व्हायच्या आधी, आकड्यासह, सह्या करून कागदावर. निकाल हातात आल्यावर निकष लिहिले, तर ते निकालाच्या मापाने शिवले जातात.

गेट एक: एक पान आणि एक हिशोब

पहिल्या टप्प्याला दोन आठवडे आणि २० हजार रुपये. या पैशात प्रयोगशाळा नको, मशीनवाल्याचे कोटेशन नको. एका पानावर चार गोष्टी हव्यात: कोण विकत घेणार, सध्या तो त्याऐवजी काय घेतो, आपल्या कढया आणि परवान्यात हे बसते का, आणि पैसे सुटतात का.

पैशाचा हिशोब इथेच करायचा. बहुतेक जण तो शेवटी करतात आणि मग किंमत जमत नाही म्हणून कपाचा आकार बदलत बसतात. कुंद्याचे उदाहरण घ्या. एक किलो कुंद्याला सव्वातीन लिटरच्या आसपास म्हशीचे दूध, साखर, वेलची, जळण आणि मजुरी धरून २६० रुपये. म्हणजे १०० ग्रॅमला २६. कप आणि फॉइलचे झाकण ४, नायट्रोजन आणि खोके ३, वाया जाणारे २, वाहतूक २. कपाला एकूण ३७ रुपये.

पुतण्याने छापील किंमत ६० धरली होती. त्यातून ५ टक्के जीएसटी काढला की ५७ उरतात. दुकानदार आणि वितरक मिळून २८ टक्के घेतात, म्हणजे १६ गेले. कंपनीच्या हातात ४१. त्यातून ३७ गेले की उरले ४, म्हणजे साधारण १० टक्के. निकष होता किमान २५ टक्के. याच हिशोबाने ७५ रुपये छापील किंमत धरली तर जीएसटी जाऊन ७१, व्यापाराचे २० जाऊन ५१, खर्च जाऊन १४, म्हणजे २८ टक्के. माल पास होतो, पण फक्त ७५ रुपयांना.

त्यामुळे गेट एकचा निर्णय नुसता 'पुढे' नव्हता. 'पुढे, ७५ रुपयांवर' असा होता. इथून पुढे कोणालाही चव दाखवताना किंमत ७५च सांगायची. ६० सांगून मिळालेला होकार या मालाचा नाही.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ हवी आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: हा माल कशाने मरेल? उत्तर स्पष्ट होते. फ्रीजशिवाय ६० दिवस. सुटा कुंदा खोक्यात घालून दिला तर गिऱ्हाइकाला तो थोड्या दिवसांत संपवायला सांगतात. सुट्या मिठाईजवळ 'कधीपर्यंत उत्तम' ही तारीख लावणे एफएसएसएआयने १ ऑक्टोबर २०२०पासून दुकानांना बंधनकारकच केले. त्या मालाला दोन महिने टिकवायचे असेल तर पहिला खर्च त्या प्रश्नावर झाला पाहिजे. कपाच्या रंगावर, नावावर किंवा जाहिरातीवर आत्ता एक रुपयाही नाही.

गेट दोन: पातेल्यातला माल

दुसऱ्या टप्प्याला सहा आठवडे, दीड लाख. इथे वॉटर ॲक्टिव्हिटी समजून घ्यावी लागते. पदार्थात पाणी किती टक्के आहे यापेक्षा त्यातले किती पाणी जंतूंच्या वापरासाठी मोकळे आहे, याचे हे माप. शुद्ध पाण्याचे १. साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून पाकातला पदार्थ ओला असूनही टिकतो. ०.८५ची रेघ खाद्य उद्योगात सगळीकडे वापरतात, कारण कोरड्यातही तग धरणारा आणि विष तयार करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस साधारण त्याच्या खाली विष करू शकत नाही. दुधाच्या मिठाईत हा जंतू हाताळणाऱ्याच्या हातातून, नाकातून येतो आणि त्याने एकदा केलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही. बुरशी मात्र ०.८५च्या बऱ्याच खालीही वाढते. तिच्यासाठी ऑक्सिजन काढावा लागतो, म्हणून कपात नायट्रोजन.

निकष असे लिहिले. तीन बॅच, तीन वेगवेगळ्या दिवसांच्या दुधाच्या. तिन्हींत वॉटर ॲक्टिव्हिटी २५ अंशांना ०.८५ किंवा कमी. सरासरी चालणार नाही, सगळ्यांत वाईट बॅचचा आकडा धरायचा, कारण गिऱ्हाईक सरासरी खात नाही. दुसरा निकष: आपल्या सुट्या कुंद्याच्या शेजारी ठेवून चाखल्यावर नऊ गुणांच्या पट्टीवर किमान ६.५. तिसरा: कपाचा खर्च ३७च्या पुढे जायचा नाही.

नेहमीच्या पद्धतीने शिजवलेला कुंदा ०.८९ आला. धाकट्या काकांनी कढई आणखी वीस मिनिटे चालू ठेवली. आकडा ०.८४ वर उतरला, पण तिसऱ्या दिवशी चमचा घातला तर गोळा अख्खाच वर आला, चिवट रबरासारखा. चाखणाऱ्यांनी ५ गुणही दिले नाहीत. मग साखरेचा काही भाग काढून तिथे इन्व्हर्ट सिरप घातले. हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा पाक असतो. तितक्याच वजनाच्या साखरेपेक्षा तो पाणी जास्त धरतो आणि पदार्थ मऊ ठेवतो. तीन बॅचचे आकडे ०.८२, ०.८३, ०.८३. चव ७.१. खर्च ३६ रुपये ७० पैसे.

गेट दोन: पुढे. मात्र मॅडमनी टिपणात एक ओळ लिहिली: सिरपमुळे साठवणीत रंग चढेल का ते बघणे. पुढे सगळा निकाल याच ओळीवर फिरला. गेटच्या टिपणात शंका लिहायला एक रिकामी जागा ठेवा आणि पुढच्या टप्प्यात त्या शंकेला निकषाचे रूप द्या. नुसती शंका बैठकीतून बाहेर पडली की विसरली जाते.

टप्पा तीन: मशीन घेण्याआधी ५०० कप

तिसऱ्या टप्प्याला चार लाख आणि चार महिने. मशीन अजून घ्यायचे नाही. दुसऱ्याच्या मशीनवर भाड्याने किंवा हाताने सील करून ५०० कप भरायचे.

साठवणीच्या चाचणीत एक खाच आहे. बरेच जण माल ४० अंशांच्या कपाटात पंधरा दिवस ठेवतात, एका सूत्राने गुणतात आणि ६० दिवस टिकेल असे लिहून मोकळे होतात. दुधाच्या मिठाईला हे लागू पडत नाही. चाळीस अंशांना तूप वितळून वर येते, ते बाजारात कदाचित कधीच येणार नाही. उलट मिठाईवर येणाऱ्या बऱ्याच बुरश्यांना २५ ते ३० अंश आवडतात, म्हणजे नेमके बेळगावातले पावसाळ्यातले दुकान. ४० अंशांच्या कपाटात त्या दबतात आणि माल पास दिसतो. म्हणून खरा वेळ घालवावा लागतो, त्याला पर्याय नाही. ६० दिवस लिहायचे असतील तर ७५ दिवस बघा.

कप चार ठिकाणी ठेवले. ३० अंशांची दमट खोली, ३५ अंशांचे कपाट, तुलनेसाठी उणे १८ अंशांचा डीप फ्रीजर, आणि काही कप दोन खऱ्या दुकानांत. त्यातले एक खानापूर रस्त्यावरचे पत्र्याचे, एक पणजीतले. दर पंधरा दिवसांनी काढून बघायचे. निकष सहीचे: ७५ दिवसांत ३० अंशांच्या एकाही कपात बुरशी नाही, ६०व्या दिवशी ३५ अंशांच्या मालाला किमान ६.५ गुण, आणि ६० कपांच्या सील चाचणीत एकही गळका नाही.

शेवटचा आकडा हवेतला नाही. ६० कप तपासले आणि एकही गळला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की गळक्यांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. तीनला तपासलेल्या नगांनी भागायचे, इतके सोपे गणित. दहा कप तपासून शून्य गळके मिळाले तर खरे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतही असू शकते. "धा कप बघितले, सगळे बरोबर हाईत की" या वाक्यावर तीस लाखांचे मशीन घेऊ नका.

सीलची चाचणी साधी आहे. कप पाण्याच्या काचेच्या भांड्यात बुडवायचा, वरची हवा पंपाने खेचायची आणि बुडबुड्यांची ओळ कुठून येते ते बघायचे. पहिल्या ६० कपांत चार गळके निघाले. झाकण सोलून कड उजेडात धरली की कारण दिसत होते: काठावर तुपाचा ओशट पट्टा, जेमतेम दोन मिलीमीटर, आणि त्यावर फॉइलचा लेप चिकटलेलाच नाही. गरम कुंदा ओतताना नळीच्या तोंडाला थेंब लोंबायचा आणि कप पुढे सरकताना काठावर पुसला जायचा.

हे 'परत'चे योग्य उदाहरण. कारण सापडले होते, ते मालाच्या बाहेर होते आणि दुरुस्ती माहीत होती. लिखित प्रश्न: थेंब तोडणारे तोंड बसवल्यावर ६० पैकी शून्य गळके येतात का? मर्यादा ४० हजार आणि तीन आठवडे, साठवणीची चाचणी चालू असतानाच. तोंड बदलले, नव्या ६० कपांत शून्य. निकष पार.

बुरशीही नाही आली, ना दमट खोलीत ना पत्र्याच्या दुकानात. पण ३५ अंशांच्या कपाटातला कुंदा ३०व्या दिवशी जरा गडद दिसू लागला. ४५व्या दिवशी रंग कुंद्याचा राहिलाच नव्हता, चहाच्या चोथ्याकडे झुकला होता, आणि गिळल्यावर घशात बारीक कडवटपणा. इन्व्हर्ट सिरपमधली ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि दुधातली प्रथिने एकमेकांशी लागतात आणि तपकिरी होतात. भट्टीवर कुंद्याला रंग आणि वास देणारी जी क्रिया, तीच कपातही सावकाश चालू राहते. उष्णता वाढली की वेग वाढतो, आणि पदार्थ थोडा सुकवला की ती थांबत नाही, उलट जोर धरते.

फरक खरा आहे की नजरेचा खेळ, हे ठरवायला त्रिकोणी चाचणी केली. प्रत्येकासमोर तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी ओळखायची. रंग लपवायला खोलीत लाल दिवा. २४ जण बसवले तर त्यातल्या १३ किंवा अधिक जणांनी बरोबर ओळखले की तो योगायोग समजत नाहीत. फ्रीजरमधल्या कुंद्याच्या तुलनेत ४५ दिवसांचा माल १९ जणांनी ओळखला. ६०व्या दिवशी गुण ५.४.

गेट तीन: बंद

बैठकीची कागदपत्रे दोन दिवस आधी सगळ्यांच्या हातात होती, म्हणून बैठकीत वाचन झाले नाही. सुरुवातीलाच मॅडमनी निकषांचा सहीचा कागद आणि निकालाचा कागद शेजारी-शेजारी ठेवला. बुरशी आतापर्यंत पास. सील पास. साठवणीतली चव: हवे ६.५, मिळाले ५.४.

पुतण्याकडे दिवाळीच्या दहा हजार कपांच्या तोंडी ऑर्डरी होत्या. "काका, ३५ अंश कुठं असतंय? आपल्याकडं थंडच असतंय की."

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथले बरेच महिने थंड, हे खरेच. पण माल इथे विकायचा नव्हता. एप्रिल-मेमध्ये बंद टेम्पोतून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाताना आणि पत्र्याखालच्या दुकानात ३५च्या पुढे सहज जाते. पत्र्याच्या दुकानातले कप याला साक्ष होते. तेही ५०व्या दिवशी काळवंडले.

दुसरी सूचना आली: कपावर ६०ऐवजी ३० दिवस लिहू. इथे हिशोब आकड्यात घालायचा. कारखान्यातून वितरकाकडे आणि तिथून दुकानात पोचायला आठ-दहा दिवस. पुण्याच्या वितरकाची अट अशी की माल हातात येताना निम्म्याहून अधिक आयुष्य बाकी हवे. ती अट बसते, पण दुकानदाराला विकायला वीस दिवस उरतात आणि परतीचा माल वाढतो. परतावा ८ टक्के धरला तर प्रत्येक विकलेल्या कपामागे तीन-साडेतीन रुपये जातात, आणि २८ टक्क्यांचे २५च्या खाली येतात. म्हणजे एक निकष वाचवायला दुसरा मोडतो. गेटवर कोणी निकष सैल करायला सुचवले, की तो सैल केल्यावर बाकीच्यांचे काय होते ते तिथेच मोजून दाखवा. बहुतेक सूचना तिथेच गळतात.

तिसरी सूचना मोठ्या काकांची, आणि ती सगळ्यांत मोहाची: "एवढे सहा लाख घातले, आता मागं कसं फिरायचं?" ते पैसे पुढे म्हटले तरी गेले आणि बंद म्हटले तरी गेले. गेटवर प्रश्न पुढच्या ३० लाखांचा होता. कपामागे १४ रुपये ४० पैसे उरतील असे धरले तर मशीनचे पैसे फिटायला दोन लाख आठ हजारांच्या आसपास कप विकावे लागतात. महिन्याला १२ हजार कप गेले तरी सतरा-अठरा महिने, आणि तेही उन्हाळ्यात एकही तक्रार न येता. ७५ रुपये देऊन कडवट कुंदा खाल्लेले गिऱ्हाईक नंतर तुमच्या दुकानातला ताजा कुंदाही घेणार नाही, हे त्या हिशोबात धरलेलेच नव्हते.

मग 'परत' का नाही? सीलसारखी दुरुस्ती इथे बाहेर नव्हती. सिरप काढले तर ०.८५ची रेघ ओलांडते किंवा कुंदा रबर होतो. सिरप ठेवले तर तपकिरी होतो. दोन्ही निकष एकाच घटकावर लटकलेले आणि एकमेकांविरुद्ध. अशी गाठ दिसली की आणखी प्रयोगांना पैसे देऊ नयेत. कारण मालाच्या बाहेर असेल तर 'परत', कारण पाककृतीच्या गाभ्यात असेल तर 'बंद', ही माझी कसोटी. ती दर वेळी अचूक नसते, पण बैठकीत वाद कापायला पुरते.

फ्रीजमधला कुंदा, २० दिवसांचा, ही कल्पना त्याच बैठकीत निघाली. ती चांगली असेलही. पण तो वेगळा माल आहे: वेगळी गाडी, वेगळे दुकानदार, वेगळा खर्च. त्याला गेट एकपासून नव्या पानावर यावे लागेल. जुन्या मालाच्या नावाखाली त्याला गेट तीनवर बसवले तर बंद झालेलाच माल वेष बदलून परत आला, असे समजा.

माल पुढे गेला असता तर

गेट चार म्हणजे बाजारात उतरण्याआधीचे. इथे बहुतेक गोष्टी तपासणी-यादीच्या असतात. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, दूध हा ॲलर्जीचा घटक म्हणून वेगळा, हिरवे चिन्ह, बॅच, तारखा, प्रति १०० ग्रॅम पोषणमूल्ये, निव्वळ वजन, छापील किंमत. एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. इतर भाषा त्यासोबत घालता येतात. आपल्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही लागतात, आणि तीन भाषांचा मजकूर १०० ग्रॅमच्या कपावर वाचता येईल अशा अक्षरांत बसत नाही. झाकणाबरोबर बाहेरची कागदी पट्टी धरूनच कपाचा खर्च काढा. छपाईची मोठी ऑर्डर या गेटनंतरच. गोदामातले वाया गेलेले रोल बहुतेक वेळा या एका घाईचे असतात.

बाजारात उतरल्यावरही एक आढावा ठेवा आणि त्याची तारीख आधीच लिहा. मिठाईला इथे सण फसवतात. गणपतीला माल काढला, दिवाळीपर्यंतचे आकडे बघितले, तर कोणताही कप यशस्वी दिसतो. आढाव्याच्या काळात दिवाळीनंतरचे तीन महिने आणि एप्रिल-मे यायलाच हवेत. आणि कंपनीने वितरकाला किती दिले तो आकडा बघू नका. त्याने फक्त त्याचे गोदाम भरते. दुकानदाराने स्वतःहून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा किती मागितले ते बघा. निकष असा लिहिता येईल: पहिल्या ५० दुकानांपैकी किमान २५ दुकानांची तिसरी ऑर्डर सहा महिन्यांत, आणि परतीचा माल ३ टक्क्यांच्या आत. दोन्हींपैकी एक चुकले की माल यादीतून काढायची बैठक, त्याच आठवड्यात.

बंद म्हटल्यावर आठ दिवसांत

बंदचा निर्णय तोंडी राहिला तर महिन्याभरात कोणीतरी पुन्हा दूध मागवतो. त्याच दिवशी एक पानाचे टिपण करा: कोणता निकष, हवा आकडा, मिळालेला आकडा, कोणाकोणाच्या सह्या, आणि काय बदलले तर हा माल पुन्हा गेट एकवर येऊ शकतो. कुंद्याच्या टिपणात शेवटच्या रकान्यात लिहिले: साखर न बदलता ०.८५ खाली आणि मऊ राहणारी कृती मिळाली तर. ज्यांनी तोंडी ऑर्डर दिली त्या वितरकांना पुतण्यानेच फोन करायचा, वाट बघत ठेवायचे नाही. मागवलेले पण न छापलेले कप पुरवठादाराला परत द्यायचे किंवा दुकानातल्या दही-श्रीखंडाला वळवायचे. दमट खोलीतले उरलेले कप ७५ दिवस पूर्ण होईपर्यंत फेकायचे नाहीत. त्यांचा शेवटचा आकडा फाईलमध्ये लागला की थेंब तोडणाऱ्या तोंडाचे चित्र आणि तीन बॅचच्या कृती त्याच फाईलला जोडायच्या, आणि फाईल मॅडमच्या कपाटात ठेवायची, भट्टीवर नाही.